तूप न खाणाऱ्या माणसाचं कोलेस्टेरॉल

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमळनेर तालुक्यातल्या एका शेतकरी कुटुंबाचं. घरच्यांच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ज्यांच्यापासून सुरुवात झाली त्यांना इथे नाना म्हणतो. खानदेशात दर दुसऱ्या घरात एक नाना असतोच, त्यामुळे हरकत नसावी.

नाना ४४ वर्षांचे. कापूस आणि ज्वारीची कोरडवाहू शेती. उंची पाच फूट सहा, वजन ५८ किलो. दिवसभर उभ्याने काम, दारू नाही. तंबाखू मात्र चुना लावून दिवसातून चार-पाच वेळा. पोळा झाल्यावर ते माझ्याकडे पहिल्यांदा आले ते टाचदुखीसाठी. टाचेच्या वर, मागच्या बाजूला जी जाड दोरी असते तिथे चप्पल घासते, सूज येते, अशी तक्रार होती. मी उभ्या-उभ्या पाहिलं, दोरीला सूज आहे असं म्हणालो, वेदनाशामक गोळ्या आणि मलम दिलं. त्या दिवशी बाहेर चाळीस माणसं बसली होती. ही सबब नाही, पण झालं ते असं.

जानेवारीत ते पुन्हा आले तेव्हा टाचेसाठी आले नव्हते. गावातल्या आरोग्य शिबिरात रक्त तपासलं होतं आणि कागदावर एका आकड्याभोवती लाल गोल काढला होता. एकूण कोलेस्टेरॉल ३५२.

अडचण नेमकी काय होती

बारा तास उपाशी ठेवून आम्ही तपासणी परत केली. एकूण ३५२ च, एचडीएल ४१, ट्रायग्लिसराइड १३५. एलडीएल म्हणजे धमन्यांत गाळ बसवणारं कोलेस्टेरॉल; ते काढायचा साधा हिशेब असा: एकूण आकड्यातून एचडीएल वजा करायचं, आणि ट्रायग्लिसराइडला पाचने भागून तेही वजा करायचं. ३५२ मधून ४१ गेले, २७ गेले, राहिले २८४. आमच्याकडे येणाऱ्या बहुतेक मध्यमवयीन माणसांचं एलडीएल १०० ते १६० च्या आसपास असतं. पोट सुटलेल्या, साखर वाढलेल्या माणसाचंही सहसा २८४ होत नाही. त्याचं बहुधा ट्रायग्लिसराइड वाढतं. इथे ट्रायग्लिसराइड ठीक, साखर ठीक, आणि एकटं एलडीएल आभाळाला भिडलेलं.

असा आकडा दिसला की आधी दुसरी कारणं बाजूला सारावी लागतात. थायरॉइड मंदावलं तर रक्तातलं एलडीएल पकडणारे यकृतावरचे रिसेप्टर कमी होतात आणि आकडा चढतो. मूत्रातून प्रथिनं जात असतील किंवा पित्ताचा मार्ग अडला असेल तरीही चढतो. नानांची थायरॉइडची तपासणी, लघवी, यकृत आणि मूत्रपिंडाचे रिपोर्ट सगळे व्यवस्थित आले.

मग मी त्यांना टेबलावर पालथं झोपवलं, पावलं टेबलाच्या काठाबाहेर लोंबकळत ठेवली आणि टाचेची दोरी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरली. एरवी ती चिमटीत चपटी, लवचीक लागते, कडा सरळ लागतात. नानांची जाड होती आणि तिच्यात दोन ठिकाणी टणक, न दुखणाऱ्या गाठी होत्या. पाऊल वर-खाली हलवलं की गाठी दोरीबरोबर सरकत होत्या, म्हणजे त्या कातडीत नव्हत्या, दोरीतच होत्या. उजव्या हाताची मूठ वळायला लावली तेव्हा मधल्या बोटाच्या सांध्यावरच्या दोरीत तशीच एक छोटी गाठ दिसली. ही सूज नव्हे, दोरीत साठलेलं कोलेस्टेरॉल. याला टेंडन झँथोमा म्हणतात. पोळ्यानंतर मी याच दोरीवर मलम लावायला सांगितलं होतं.

वडिलांविषयी विचारलं तर नाना जमिनीकडे बघत म्हणाले, "मन्हा बाप बी असाच गया. शेतात औत धरेल होता." वय ४६. थोरले काका पन्नाशीत गेले, तेही छातीत दुखून.

या आजाराचं निदान पक्कं करायला डच लिपिड क्लिनिकची गुणांची एक पद्धत जगभर वापरतात. २५० ते ३२९ मधल्या एलडीएलला ५ गुण, टेंडनमधल्या गाठीला ६, वडिलांना पंचावन्नच्या आत हृदयविकार झाला याला १. बेरीज १२. आठच्या वर गेलं की निदान निश्चित धरतात: कौटुंबिक हायपरकोलेस्टेरोलेमिया. नाव लांबलचक आहे. अर्थ इतकाच, की रक्तातले एलडीएलचे कण उचलणारी यकृताची यंत्रणा जन्मापासून अर्धीच आहे.

यकृताच्या दाराशी काय चालतं

हे समजल्याशिवाय पुढचे निर्णय कळणार नाहीत, म्हणून इथे जरा थांबतो.

यकृत चरबीने भरलेले मोठे कण रक्तात सोडतं. वाटेत स्नायू आणि चरबीच्या पेशी त्यातली चरबी उतरवून घेतात. कण लहान होत जातो आणि शेवटी उरतं ते एलडीएल: मधोमध कोलेस्टेरॉलचा साठा आणि त्याभोवती गुंडाळलेलं एकच मोठं प्रथिन, अपो-बी १००. हे प्रथिन म्हणजे गाडीवर लावलेली चिठ्ठीच. यकृताच्या पेशीवर जे रिसेप्टर असतात ते ही चिठ्ठी ओळखतात आणि कण पकडतात.

पकडल्यावर पेशीच्या आवरणाला तिथे खळगा पडतो, खळगा आत ओढला जातो आणि त्याची पिशवी होते. पिशवीच्या आत आम्लता वाढते तशी रिसेप्टरची पकड सुटते. कण पुढे जातो, मोडला जातो, त्यातलं कोलेस्टेरॉल पेशी वापरते. रिसेप्टर मात्र रिकामा होऊन परत पृष्ठभागावर येतो आणि पुढचा कण धरतो. एक फेरी साधारण दहा मिनिटांची. एका रिसेप्टरचं आयुष्य वीसेक तासांचं, म्हणजे मोडीत निघण्यापूर्वी तो शंभराहून जास्त फेऱ्या मारतो. रक्तातून जे एलडीएल बाहेर पडतं त्याचा बहुतांश यकृतातल्या याच दारांनी जातो.

डॅलसमधल्या जोसेफ गोल्डस्टाइन आणि मायकेल ब्राउन या दोघांनी १९७३-७४ मध्ये हे शोधून काढलं, आणि तेही अशाच रुग्णांच्या कातडीच्या पेशी वाढवून. निरोगी माणसाच्या पेशींना एलडीएल दिलं की त्या स्वतःचं कोलेस्टेरॉल बनवणं थांबवत. आजारी मुलांच्या पेशी थांबत नसत, कारण एलडीएल आत शिरतच नव्हतं. १९८५ मध्ये दोघांना नोबेल मिळालं.

नानांना मी हे जिनिंगच्या उदाहरणाने सांगितलं. दिवाळीनंतर जिनिंगच्या फाटकाबाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागते ती त्यांनी आयुष्यभर पाहिली आहे. फाटकं चार असली की रांग आटोक्यात. दोन बंद झाली तर गावातून येणारा कापूस काही कमी होत नाही, रांग तेवढी वाढते.

पण रांग वाढता वाढता कुठे थांबते? याचा हिशेब कागदावर मांडला तेव्हा त्यांच्या बारावीतल्या भाचीला तो चटकन कळला. समजा रोज १०० कण रक्तात येतात आणि यकृत रक्तात असलेल्या कणांपैकी रोज ४० टक्के उचलतं. मग रक्तात २५० कण जमले की जितके येतात तितकेच जातात, पातळी तिथे स्थिर होते. आता दारं अर्धी करा, रोज २० टक्केच उचलले जातात. पातळी स्थिर व्हायला ५०० कण जमावे लागतात. येणारा माल तोच, दारं अर्धी, साठा दुप्पट. हे आकडे मनचे नाहीत. निरोगी माणसाच्या रक्तात एलडीएलचा कण साधारण अडीच दिवस राहतो. रिसेप्टरच्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेल्याच्या रक्तात साडेचार दिवसांच्या आसपास.

प्रत्यक्षात याहून थोडं जास्त बिघडतं. एलडीएल होण्याच्या एक पायरी आधीचे कणही हाच रिसेप्टर उचलतो. दारं कमी पडली की तेही बाहेर थांबतात आणि थांबता थांबता एलडीएल होऊन रांगेत भर घालतात.

आणि एक गोष्ट मला स्वतःला समजायला फार वर्षं लागली. पेशीला कोलेस्टेरॉल कमी पडलं की ती आतून जास्त रिसेप्टर बनवायचा हुकूम देते, ही तिची जन्मजात सोय आहे. मग नानांचं यकृत तो हुकूम का देत नाही? कारण त्याला काही कमी पडतच नाही. दारं निम्मी असली तरी बाहेर गर्दी दुप्पट, त्यामुळे आत जाणारा माल जवळपास तेवढाच. रक्तवाहिन्यांत गाळ बसतो आहे, पण यकृताच्या पेशीच्या दृष्टीने सगळं आलबेल.

पहिला निर्णय: पथ्य की गोळी

पर्याय दोन होते. त्याच दिवशी औषध सुरू करायचं, किंवा आधी पथ्य देऊन दोन महिने बघायचं. निदान माझ्या हातात होतं, तरी मी दुसरा पर्याय निवडला. नाना गोळ्यांना घाबरत होते आणि चाळिशीतल्या माणसाला "आता जन्मभर" असं म्हणायला माझीही जीभ रेटली नाही.

त्यांनी पथ्य पाळलं ते मात्र विलक्षण. शेवभाजी बंद, भरितावरची तेलाची तर्री बंद, संक्रांतीचे तीळ-गूळसुद्धा मोजून. वहिनी त्यांच्यासाठी वेगळी भाजी फोडणीशिवाय शिजवू लागल्या. मार्चमध्ये आले तेव्हा चार किलो उतरले होते, गालफडं बसली होती. एलडीएल २६२.

नाना म्हणाले, "साहेब, तेलतूप बठ्ठं बंद करी टाकं. आते काय खाऊ?"

बावीस अंकांचा फरक, म्हणजे आठ टक्क्यांच्या आसपास. पथ्याचा इतकाच उपयोग होणार होता आणि तो मला आधीच माहीत असायला हवा होता. जनावराच्या चरबीचं, तुपातलं, पामतेलातलं स्निग्ध जास्त खाल्लं की रिसेप्टर कमी होतात हे खरं. ते कमी केल्याने थोडी दारं उघडतातही. पण ज्या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडलेली आहे तिची दुरुस्ती फोडणी बंद करून होत नाही. आणि नाना आधीही काही तूप ओरपत नव्हते. दोन महिने गेले ते एकवेळ चालून जाईल. जास्त वाईट हे झालं की घरात सगळ्यांची समजूत झाली, नानाच चोरून काहीतरी खातात.

दुसरा निर्णय: कोणती गोळी, किती

मार्चमध्ये रोसुव्हास्टॅटिन २० मिलिग्रॅम सुरू केलं. स्टॅटिन यकृताच्या पेशीची स्वतःची कोलेस्टेरॉल बनवण्याची भट्टी मंद करतं. भट्टी मंदावली की ती आलबेल असलेली पेशी पहिल्यांदा उपाशी पडते, आणि मग हुकूम सुटतो: रिसेप्टर बनवा. बिघडलेली प्रत काही बनवू शकत नाही, पण दुसरी, धडधाकट प्रत जास्त काम करू लागते. म्हणजे औषध रक्तातलं कोलेस्टेरॉल विरघळवत वगैरे नाही. ते यकृताला भूक लावतं, आणि यकृत रक्तातून उचलतं.

सहा आठवड्यांनी एलडीएल १४१. मूळच्या २८४ च्या निम्म्यावर. नानांनी रिपोर्टचा कागद दोनदा वाचला.

तरी १४१ पुरेसं नव्हतं. अशा रुग्णाला ७० च्या खाली आणायचं असतं, कारण त्याच्या धमन्यांनी जन्मल्यापासून हा भार सोसला आहे. आता परत दोन वाटा. स्टॅटिन दुप्पट करून ४० करायचं, की दुसरं औषध जोडायचं?

स्टॅटिनचा डोस दुप्पट केला की एलडीएल मूळ आकड्याच्या आणखी सहा टक्केच उतरतं. नानांच्या बाबतीत सतराएक अंक. याचं एक कारण मजेशीर आहे. पेशी उपाशी पडली की ज्या हुकमाने ती रिसेप्टर बनवते, त्याच हुकमाने ती पीसीएसके-९ नावाचं प्रथिनही बनवते. हे प्रथिन रिसेप्टरला चिकटलं की तो पृष्ठभागावर परत येत नाही, कणाबरोबरच मोडीत निघतो. एका हाताने दार उघडायचं, दुसऱ्याने बिजागरी काढायची, असा प्रकार. उलट एझेटिमाइब आतड्यातून शोषलं जाणारं कोलेस्टेरॉल अडवतं, यकृताकडे येणारा पुरवठा घटतो आणि एलडीएल उरलेल्या आकड्याच्या वीसेक टक्के उतरतं. १४१ चे वीस टक्के म्हणजे २८. हिशेब सरळ होता. एझेटिमाइब १० मिलिग्रॅम जोडलं. जूनमध्ये आकडा ११२.

पीसीएसके-९ लाच अडवणारी इंजेक्शनं आहेत आणि ती एलडीएल आणखी निम्म्यावर आणू शकतात. त्यांची किंमत सांगितल्यावर नानांनी ते वर्षाचं बियाणं-खतात मोजलं आणि विषय तिथेच संपला. मीही रेटला नाही.

इसीजी आणि इको ठीक होते, ट्रेडमिलवरची चाचणीही ठीक आली. त्यावर घरचे हुश्श करून मोकळे झाले, तेव्हा त्यांना थांबवावं लागलं. ट्रेडमिलची चाचणी धमनी बरीच अरुंद झाली की पकडते. धमनीच्या भिंतीत गाळ नाही, असं ती सांगत नाही.

मधला खड्डा

नोव्हेंबरात कापूस वेचणी चालू असताना नानांच्या मांड्या दुखू लागल्या. मेहुण्यांनी सांगितलं, ही गोळी स्नायू खाते आणि लिव्हर घालवते. नानांनी दोन्ही गोळ्या बंद केल्या आणि मला सांगितलं नाही. डिसेंबरात नेहमीच्या तपासणीला आले तेव्हा एलडीएल २५१.

पाच आठवड्यांत सगळं जिथल्या तिथे. भट्टी पुन्हा पेटली, पेशीचं पोट भरलं, धडधाकट प्रतीने जास्तीचं काम थांबवलं. स्टॅटिनने दार कायमचं बसवलं जात नाही, रोज उघडून धरावं लागतं.

मेहुण्यांची भीती अगदीच निराधार नव्हती. स्टॅटिनने काहींचे स्नायू दुखतात, क्वचित गंभीर इजाही होते. म्हणून स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारं सीके तपासलं. ते ठीक आलं, यकृताचे रिपोर्टही ठीक. शिवाय गोळ्या बंद करूनही मांड्या वेचणी संपेपर्यंत दुखतच होत्या. दिवसभर वाकून कापूस वेचल्यावर कोणाच्या दुखत नाहीत? गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

तिसरा निर्णय: घरातली बाकी माणसं

आता मी थोडा मागे, एप्रिलमध्ये जातो, कारण या प्रकरणातली सगळ्यात अवघड गोष्ट तिथे घडली आणि ती मी नीट हाताळली नाही.

हा दोष आई किंवा वडिलांकडून येतो आणि प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी असते. एक रुग्ण सापडला की त्याची भावंडं आणि मुलं तपासायचीच, हा नियम. अडीचशे-तीनशे माणसांत एकाला हा दोष असतो, पण सापडलेल्या माणसाच्या घरात तो दर दोघांत एक. नानांची थोरली बहीण, ४६ वर्षांची, एलडीएल २५१. तिचा मुलगा २५ वर्षांचा, २१९. नानांचा मुलगा १४ वर्षांचा, २०८. मुलीचा रिपोर्ट यायचा होता.

आणि नानांच्या मुलीचं लग्न याच आत्याच्या मुलाशी ठरलं होतं. मामाची मुलगी करायची पद्धत या घरात जुनी. सुपारी फुटली होती, आखाजीनंतरचा मुहूर्त होता.

दोष एकाच बाजूने आला तर जनुकाची एक प्रत धडधाकट राहते, आणि वरची सगळी औषधं तिच्याच जिवावर चालतात. पण आई आणि वडील दोघांतही दोष असेल तर प्रत्येक बाळंतपणाला चारात एक शक्यता असते की बाळाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतील. अशा मुलाचं एलडीएल पाचशे किंवा त्याहून वर जातं. कातडीवर लहानपणीच पिवळ्या गाठी येतात, आणि उपचार मिळाले नाहीत तर विशीच्या आत हृदयविकार गाठतो. त्याच्यावर स्टॅटिन फारसं चालत नाही. हुकूम सुटतो, पण पाळायला एकही चांगली प्रत नसते. १९८४ मध्ये पिट्सबर्गला अशा एका सहा वर्षांच्या मुलीला हृदयाबरोबर नवीन यकृतही बसवलं होतं. तिचं कोलेस्टेरॉल हजारावर होतं ते तीनशेच्या आसपास आलं. शरीर तिचंच, जेवण तेच, फक्त यकृत दुसऱ्याचं. दारं यकृतात असतात याचा याहून मोठा पुरावा मला माहीत नाही.

हे सगळं मी एका दुपारी माझ्या खोलीत सांगितलं. समोर नाना, वहिनी, बहीण आणि मेहुणे. मुलीचा रिपोर्ट आलेला नसताना. मला वाटलं, मुहूर्त जवळ आहे, आधी कल्पना दिलेली बरी. बहिणीने एकच विचारलं, "म्हणजे पोरीत दोष आहे का?" मी म्हणालो, "अजून माहीत नाही." खोलीत जे ऐकू गेलं ते "माहीत नाही" नव्हतं. संध्याकाळपर्यंत भावकीत बातमी फिरली. वहिनी नंतर म्हणाल्या, घरात चार दिवस कोणी धड जेवलं नाही.

पाचव्या दिवशी रिपोर्ट आला. मुलीचं एलडीएल ९८. आई-बाप, भाऊ, आत्या, आतेभाऊ या सगळ्यांत ज्या दोघींचा आकडा नीट होता त्या म्हणजे वहिनी आणि ही मुलगी. ज्या घरात एका प्रतीचा बिघाड २०० च्या वरच दिसतो, तिथे २१ व्या वर्षी ९८ असणाऱ्या मुलीत तो असण्याची शक्यता नगण्यच. म्हणजे लग्न झालं तरी दोन्ही प्रती बिघडलेलं मूल होण्याची भीती जवळपास नाही. निम्म्या मुलांना बापाचा एकेरी दोष मिळू शकतो. त्यांना लहान वयात तपासावं लागेल, इतकंच.

पुरती खात्री जनुक तपासणीनेच होते. ती आम्ही केली नाही. खर्च होता, आणि निर्णय त्यावर अडला नव्हता. याची एक मर्यादा इथे सांगायला हवी: रिसेप्टरच्या जनुकाऐवजी कधी अपो-बी च्या जनुकात बिघाड असतो, म्हणजे दारं ठीक पण चिठ्ठी खोडलेली, आणि चित्र जवळपास असंच दिसतं. रिसेप्टरच कमी आहेत असं मी या घराबद्दल म्हणतो ते अंदाजाने, कारण बहुतेक घरांत दोष तिथेच सापडतो.

चौदा वर्षांच्या मुलाबाबत वहिनी अडून बसल्या. एवढ्या पोराला रोज गोळी? त्यांचा प्रश्न रास्त होता. मी त्यांना मुलाची टाच दाखवली: दोरी अजून चपटी, स्वच्छ. आणि मग नानांची. दोघांचा दोष एकच. फरक तीस वर्षांचा. आठ-दहा वर्षांच्या वयापासून या मुलांना स्टॅटिन देता येतं. रोसुव्हास्टॅटिन ५ मिलिग्रॅमवर मुलगा २०८ वरून १२८ वर आला. उंची वेळच्या वेळी वाढते आहे, दर सहा महिन्यांनी आम्ही भिंतीला लावून मोजतो.

वेगळं काय केलं असतं

पोळ्यानंतरच्या त्या भेटीत दोरी चिमटीत धरली असती. पंधरा सेकंदांचं काम. आता टाचदुखीच्या प्रत्येक माणसाची मी धरतो. वर्षभरात आणखी एक घर त्यातून सापडलं.

२८४ आकडा, गाठी आणि वडिलांचं वय एकाच दिवशी समोर असताना पथ्याचे दोन महिने घालवले नसते. पथ्य गोळीच्या सोबत दिलं असतं, आणि बेताचं. फोडणी बंद करायची गरज नव्हती. एझेटिमाइबही पहिल्याच भेटीत जोडता आलं असतं, कारण २८४ वरून एकट्या स्टॅटिनने ७० गाठणं शक्य नाही हे गणित कागदावरच दिसत होतं.

गोळी का द्यायची हे मी पुष्कळ सांगितलं, ती अचानक बंद केली तर काय होतं आणि स्नायू दुखले तर काय करायचं हे सांगायचं राहिलं. नोव्हेंबरचा खड्डा त्यामुळे पडला.

आणि लग्नाचं बोलणं. रिपोर्ट येईपर्यंत थांबायला हवं होतं, आणि आल्यावर आधी त्या मुलीला आणि मुलाला, दोघांनाच बोलवायला हवं होतं. प्रश्न त्यांच्या मुलाबाळांचा होता आणि त्या दुपारी माझ्या खोलीत नेमके तेच दोघे नव्हते.

आज

फेब्रुवारीत नानांचं एलडीएल १०९ होतं. स्टॅटिन ४० केलं, आता ९८ आहे. सत्तर अजून लांब; बेम्पेडोइक आम्लाची तिसरी गोळी जोडायचा विचार चालू आहे. टाचेच्या गाठी आहेत तशा आहेत, पण वाढलेल्या नाहीत, आणि नानांनी मागची पट्टी नसलेली चप्पल घेतली आहे. तंबाखू दिवसातून चार-पाच वेळांवरून दोनवर आली आहे असं ते सांगतात. वहिनी मान हलवतात. घरात शेवभाजी परत होते.

लग्न ठरल्या मुहूर्ताला झालं. जावई गोळी घेतो. तो मामाला मोबाइलवर दोघांचे आकडे पाठवतो, आणि सध्या भाचा पुढे आहे.

वारलेल्या थोरल्या काकांची दोन मुलं सुरतेला कापड मार्केटात असतात, एक ३९ चा, एक ४२ चा. नानांनी त्यांना तीनदा फोन केला. धाकट्याने तपासणी करतो म्हटलं आहे. थोरला म्हणतो, मला काही होत नाही. त्याला मी निरोप पाठवला आहे की रक्ताचं राहू दे, आधी टाचेमागची दोरी चिमटीत धरून बघ आणि फोटो पाठव. फोटो अजून आलेला नाही.